महिने उभे की आडवे? आवकीचा तक्ता फिरवताना जुलैचं काय होतं



गेल्या वेळी जाळ्यासाठी उचल ठरवताना आपल्या कार्यालयाकडून एक चूक झाली होती, ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चूक आमचीच होती, तोलाची किंवा चिठ्ठीची नव्हती. ती घडली तक्ता फिरवताना. महिने उभे होते, ते आडवे केले आणि तेवढ्यात प्रत्येक होडीची सरासरी खाली आली. एक काकू फोनवरचा तक्ता घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एकूण किलो तेवढेच, मग सरासरी कमी कशी?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून तक्ता कसा फिरवायचा, आणि फिरवल्यावर तो बरोबर आहे का हे घरच्या घरी कसं बघायचं, ते आज सविस्तर लिहितो आहोत. आता बऱ्याच घरांत मुलंच हिशोब मोबाईलवर ठेवतात, त्यांनी जरूर वाचावं.

आधी हे सांगायला हवं की आपण महिने उभे का लिहितो. सोसायटीच्या वहीत डाव्या बाजूला महिना आणि वर होड्या असतात. महिना संपला की खाली एक ओळ वाढते, बस. लिहिणाऱ्याला हे सोयीचं आहे. वाचणाऱ्याला मात्र नाही. होडीमालकाला स्वतःची होडी बघायची असते, आणि ती उभ्या रांगेत असते. मोबाईलवर बारा महिने खाली खाली सरकवायचे, आणि वरचं होडीचं नाव तोवर पडद्यावरून गेलेलं असतं. मग शेजारच्या होडीचे आकडे आपले समजून भांडण. महिने आडवे केले की एका होडीला एक ओळ मिळते, आणि एप्रिलपासून पुढे वाचत गेलं की वर्ष डोळ्यांसमोर येतं. दुसरा फायदा असा की पुढे होडीच्या जागी वर्षं लिहिली तर या वर्षीचा जून बरोबर मागच्या जूनच्या खाली येतो. उन्हाळा कडक होता की पाऊस लांबला, हे तिथे दिसतं.

म्हणून आमचं मत असं आहे की नोंद उभ्या महिन्यांनीच ठेवावी, आणि दाखवायचा तक्ता आडव्या महिन्यांचा करावा. दोन तक्ते हाताने भरू नयेत. एकच भरायचा, दुसरा त्यातून काढायचा.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुणाच्याही होडीचे नाहीत. तीन होड्या, सहा महिने, आवक किलोत.

| महिना | होडी १ | होडी २ | होडी ३ |
|---|---|---|---|
| एप्रिल | ४२० | ३५० | २८० |
| मे | ३८० | ३३० | २९० |
| जून | १६० | १२० | १३० |
| जुलै | | | |
| ऑगस्ट | १४० | १५० | ० |
| सप्टेंबर | ४०० | ३५० | ३०० |

या तक्त्यात दोन गोष्टी नीट बघा. जुलैची ओळ रिकामी आहे, आणि ऑगस्टमध्ये होडी ३ पुढे शून्य आहे. रिकामं आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. मासे अंडी घालण्याचा तो काळ. गंभीर नदीवरचा यशवंतसागर असो की नदी-नाल्याला जोडलेला दुसरा कुठला जलाशय, जुलैचा पूर्ण महिना पाण्यात जाळं टाकायचंच नाही. म्हणून जुलै रिकामा. त्या महिन्यात मासळी "शून्य आली" असं नाही, त्या महिन्याचा हिशोबच नाही. होडी ३ ची गोष्ट वेगळी. १६ ऑगस्टला मासेमारी उघडली, बाकीच्या दोघी पाण्यात उतरल्या, पण होडी ३ दुरुस्तीला काठावर होती. तिला जायची मुभा होती आणि तिने काही आणलं नाही. ते खरं शून्य.

यात अजून एक गुंतागुंत आहे. ज्या लहान तलावांचा नदी-नाल्याशी संबंध नाही, त्यांना ही बंदी लागू होत नाही. समजा चौथी होडी अशा तलावावर असती, तर तिच्या जुलैच्या घरात आकडा आला असता, आणि तिने काही धरलं नसतं तर शून्य आलं असतं. म्हणजे एकाच जुलैच्या ओळीत कुणाचं घर रिकामं, कुणाचं भरलेलं, कुणाचं शून्य, असं होऊ शकतं. "जुलैची सगळी ओळ काढून टाका ना" असं कुणी सुचवतं, तेव्हा आम्ही नको म्हणतो ते यासाठी. कोकणातले नातेवाईक असले तर त्यांच्या तक्त्यात हेच वेगळ्या महिन्यांत दिसेल. तिकडे यांत्रिक बोटींची बंदी गेली अनेक वर्षं साधारण १ जून ते ३१ जुलै अशी असते, त्यामुळे जून-जुलै दोन्ही रिकामे आणि ऑगस्ट पूर्ण. आपल्याकडे जून आणि ऑगस्ट दोन्ही अर्धे. इंदूरचा ऑगस्ट आणि रत्नागिरीचा ऑगस्ट शेजारी ठेवून तुलना करू नये, तो वेगळा विषय.

आता फिरवणं. एक्सेलमध्ये वरचा तक्ता A1 पासून D7 पर्यंत आहे असं धरा. A1 मध्ये "महिना" हा शब्द, वरच्या ओळीत होड्या, खाली सहा महिने. आकडे इंग्रजी आकड्यांतच टाईप करा, मराठी आकडे टाकले तर बेरजेत धरले जातीलच असं नाही.

A1 ते D7 निवडा. एकूणची ओळ किंवा रांग तयार केली असेल तर ती निवडू नका, फक्त नावं आणि मूळ आकडे. Ctrl+C दाबा. नवीन शीट उघडा, तिच्या A1 मध्ये उजवं बटण दाबा, Paste Special… निवडा, खाली Transpose नावाची चौकट आहे तिच्यावर खूण करा आणि OK म्हणा. झालं. गूगल शीट्समध्ये हेच Edit मधल्या Paste special खाली Transposed म्हणून मिळतं. कापून म्हणजे Ctrl+X करून हे जमत नाही, कॉपीच करावी लागते. आणि जुन्या तक्त्यावरच चिकटवायला गेलात तर एक्सेल नकार देतं, म्हणून नवीन शीट बरी.

नवा तक्ता असा दिसतो:

| होडी | एप्रिल | मे | जून | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर |
|---|---|---|---|---|---|---|
| होडी १ | ४२० | ३८० | १६० | | १४० | ४०० |
| होडी २ | ३५० | ३३० | १२० | | १५० | ३५० |
| होडी ३ | २८० | २९० | १३० | | ० | ३०० |

कोपऱ्यातला "महिना" हा शब्द मात्र जागचा हलत नाही. फिरवल्यावरही A1 मध्ये "महिना"च राहतो, जरी त्याच्याखाली आता होड्या आल्या असल्या तरी. तो आपल्या हाताने बदलून "होडी" करावा लागतो. वर शीर्षकासाठी चार-पाच घरं जोडून "मासळीची आवक" असं लिहिलं असेल तर ती ओळ निवडीत घेऊ नका. जोडलेली घरं फिरवताना अडचण करतात.

फिरवताना नेमकं काय होतं ते एका घरावरून समजतं. होडी २ चा जून जुन्या तक्त्यात C4 मध्ये होता, म्हणजे चौथ्या ओळीत, तिसऱ्या रांगेत. नव्या तक्त्यात तो D3 मध्ये आला, म्हणजे तिसऱ्या ओळीत, चौथ्या रांगेत. ओळ आणि रांग यांनी जागा बदलली, आकडा १२० तसाच राहिला, आणि त्याची दोन्ही नावं, होडी २ आणि जून, त्याच्याबरोबर आली. प्रत्येक घराचं असंच. एखाद्या आकड्याने वाटेत एक जरी नाव बदललं, तर तक्ता फिरला नाही, बिघडला.

आता बेरजा नव्याने घाला. होडी १ च्या ओळीत H2 मध्ये एकूण आणि I2 मध्ये सरासरी:

```
=SUM(B2:G2)
=AVERAGE(B2:G2)
```

खाली ओढलं की बाकी होड्यांचं येतं. जुन्या बेरजा फिरवून का आणायच्या नाहीत? कारण त्या घरात आकडा नसतो, सूत्र असतं, आणि सूत्र आजूबाजूच्या घरांकडे बोट दाखवत असतं. घरं हलली की बोट भलतीकडे जाऊ शकतं. कधी #REF! असं दिसतं, ते बरं, निदान चूक कळते. दर एका कोपऱ्यातल्या घरात आणि रक्कम दुसरीकडे, असं असेल तर सूत्र गुपचूप दुसऱ्याच घराचा दर उचलतं आणि काही बोलत नाही. मूळ आकड्यांच्या जागीच सूत्रं असतील तर चिकटवताना Transpose बरोबर Values वरही खूण करा, म्हणजे फक्त आकडे येतात.

आपल्या तीन होड्यांचं एकूण १५००, १३०० आणि १००० किलो आलं. सरासरी ३००, २६० आणि २००. एक्सेलचं AVERAGE रिकामं घर मोजत नाही, म्हणून सहा नव्हे, पाच महिन्यांनी भागलं. होडी ३ चं ऑगस्टचं शून्य मात्र मोजलं गेलं, ते योग्यच आहे.

आता आमची चूक. आम्ही कॉपी-चिकटवणं केलं नव्हतं. कॉपी केलेला तक्ता मेलेला असतो. मूळ वहीत कुणाच्या चिठ्ठीची दुरुस्ती झाली तरी फिरवलेल्या तक्त्यात ती येत नाही, पुन्हा चिकटवावं लागतं. तो त्रास नको म्हणून आम्ही सूत्र घातलं होतं:

```
=TRANSPOSE(Sheet1!A1:D7)
```

हे सूत्र नव्या शीटच्या A1 मध्ये टाकलं की सगळा तक्ता आपोआप फिरून येतो, आणि मूळ आकडा बदलला की इथेही बदलतो. जुन्या एक्सेलमध्ये आधी चार ओळी आणि सात रांगा एवढी जागा निवडून, सूत्र लिहून Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. नव्यात नुसतं एंटर पुरतं. जागेत आधी काही लिहिलेलं असेल तर #SPILL! दिसतं, ते पुसलं की तक्ता पसरतो. सूत्र चांगलंच आहे. पण एक्सेलचं हे सूत्र रिकामं घर आणताना तिथे 0 आणतं. जुलैच्या तिन्ही घरांत शून्यं आली. आम्हाला ती दिसली, "बंदीचा महिना, शून्यच की" असं म्हणून पुढे गेलो.

सरासरीने ती शून्यं मोजली. होडी १ चे १५०० किलो आता सहाने भागले गेले, ३०० चे २५० झाले. होडी २ चे २६० वरून साधारण २१७, होडी ३ चे २०० वरून १६७. एकूण किलो एकाचंही बदललं नाही, म्हणून बेरीज तपासून आम्हाला काही कळलं नाही. समजा उचल दोन महिन्यांच्या सरासरी मासळीइतकी द्यायची आणि हिशोबाच्या सोयीसाठी दर १०० रुपये किलो धरला, तर होडी १ ला ६०,००० ऐवजी ५०,००० मिळतील. बंदी पाळल्याबद्दल दहा हजार कमी. आमच्याकडे नेमकं असंच घडलं, आकडे वेगळे होते. उचल नंतर दुरुस्त केली, पण ज्यांनी तोवर कमी पैशात कमी जाळं आणलं त्यांचं नुकसान झालं ते झालंच.

उपाय एका ओळीचा आहे. सूत्राला सांगायचं की घर रिकामं असेल तर रिकामंच ठेव:

```
=TRANSPOSE(IF(Sheet1!A1:D7="","",Sheet1!A1:D7))
```

आता जुलै रिकामा राहतो, होडी ३ चं ऑगस्टचं खरं शून्य शून्यच राहतं, आणि सरासरी पुन्हा ३००, २६०, २००. गूगल शीट्समध्ये साधं TRANSPOSE रिकामी घरं रिकामीच आणतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. तरीही जुलैच्या घरावर एक नजर टाकावी. मोबाईलवर काम करणाऱ्यांना सूत्रच सोपं पडतं, यादीतले पर्याय शोधत बसावं लागत नाही.

कुणी विचारेल, रिकाम्या घरात "बंद" असं लिहिलं तर? चालतं. AVERAGE शब्द मोजत नाही, आणि वाचणाऱ्याला कारणही कळतं. यापुढे आपल्या तक्त्यात तेच लिहायचं आम्ही ठरवलं आहे. फक्त होडीच्या आकड्यांत कुणी + लावून घर-घर बेरीज करत असेल तर "बंद" शब्दावर #VALUE! येईल, तिथे SUM वापरा.

आता तपासणी. सगळ्या तक्त्याचं एकूण जुळलं म्हणजे तक्ता बरोबर, असं नाही. आपल्या उदाहरणात ते ३८०० किलो आहे. समजा कुणी कागदावर हाताने तक्ता फिरवला, आणि होडी २ चा एप्रिल व मे अदलाबदल झाला, ३५० च्या जागी ३३०. होडी २ चं एकूण १३०० च राहील. सगळ्याचं एकूणही ३८०० च राहील. पण महिन्यांची बेरीज सांगून टाकेल: मूळ तक्त्यात एप्रिल १०५० आणि मे १००० होता, नव्यात एप्रिल १०३० आणि मे १०२० दिसेल. म्हणून दोन्ही कडा बघायच्या. मूळ तक्त्यात महिन्यांच्या बेरजा उजव्या बाजूला येतात, होड्यांच्या खाली. फिरवल्यावर महिन्यांच्या खाली जातात आणि होड्यांच्या उजवीकडे येतात. दोन्ही याद्या जशाच्या तशा जुळल्या पाहिजेत: महिने १०५०, १०००, ४१०, जुलै काही नाही, २९०, १०५०, होड्या १५००, १३००, १०००. आणि तिसरी गोष्ट, जी आम्ही केली नव्हती: मूळ तक्त्यात किती घरं भरलेली आहेत ते मोजायचं. COUNT हे सूत्र फक्त आकडे असलेली घरं मोजतं. मूळ आकड्यांवर ते १५ देतं, म्हणजे पाच महिने गुणिले तीन होड्या. फिरवलेल्यावर १८ आलं तर समजायचं की जुलैत शून्यं शिरली.

```
=COUNT(B2:D7)
=COUNT(B2:G4)
```

पहिलं मूळ शीटमध्ये, दुसरं नव्या शीटमध्ये. या दोन आकड्यांनी आमची चूक दोन मिनिटांत पकडली असती.

शेवटी एक गोष्ट, कारण दोन-तीन मुलांनी हा प्रयत्न करून "जमत नाही" म्हणून कळवलं आहे. त्यांनी रोजच्या तोलाच्या चिठ्ठ्यांची यादी फिरवायला घेतली होती. त्या यादीत तारीख, होडी, मासा, किलो असं असतं, आणि एका महिन्यात एका होडीच्या वीस चिठ्ठ्या असतात. ती फिरवली तर वीस चिठ्ठ्या वीस रांगांत जातात, महिना काही तयार होत नाही. फिरवण्याने बेरीज होत नाही, फक्त जागा बदलते. चिठ्ठ्यांवरून महिन्याचा तक्ता काढायचा असेल तर आधी पिव्होट टेबल लागतं: ओळींना होडी, रांगांना महिना, आत किलोची बेरीज. तिथे महिने मराठी शब्दांत लिहिलेले असतील तर ते अक्षरांच्या क्रमाने लागतात, जुलै जूनच्या आधी येतो. म्हणून महिन्याआधी आकडा लिहावा, 01 एप्रिल, 02 मे, 03 जून, असा मार्चपर्यंत 12.

या वर्षीचा तक्ता मार्चअखेर सोसायटीत लागेल, महिने आडवे, जुलैच्या घरात "बंद" लिहिलेलं. तळाशी दोन्ही COUNT चे आकडेही छापू. आपल्या होडीच्या ओळीत काही वेगळं दिसलं तर आपल्या चिठ्ठ्या घेऊन सकाळी तोल संपल्यावर कार्यालयात यावं.